पंधराला एक: हक्काची किंमत कशी काढायची

मे २०२० मध्ये देशभर लॉकडाऊन होतं. त्याच महिन्यात रिलायन्स इंडस्ट्रीजच्या लाखो भागधारकांच्या डीमॅट खात्यात एक नवी ओळ दिसू लागली. कंपनीचं नाव ओळखीचं, पण त्याच्यापुढे RE ही दोन अक्षरं. त्यासाठी कुणी पैसे भरले नव्हते की अर्ज केला नव्हता. पाहणाऱ्याला वाटावं, बोनस शेअर आले असतील. तो बोनस नव्हता. ती होती ‘राइट्स एन्टायटलमेंट’, म्हणजे नवा शेअर ठरलेल्या दराने विकत घेण्याचा हक्क. हा हक्क स्वतःच एक विकण्याजोगी वस्तू होती. ज्याच्याकडे मूळ १५० शेअर होते त्याच्या खात्यात असे १० हक्क आले आणि पहिल्याच दिवशी बाजार बंद होताना एकेकाचा भाव २१२ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे सुमारे २,१०० रुपये खात्यात पडून होते आणि ठरावीक मुदतीनंतर त्यांचं मूल्य शून्य होणार होतं.

हे पैसे आले कुठून? कंपनीने दिले का? नाही. ते भागधारकाचेच होते. त्याच्या जुन्या शेअरांच्या किमतीतून थोडा भाग निघाला आणि या नव्या ओळीत जाऊन बसला. हे एकदा नीट कळलं की राइट्स इश्यूबद्दलचे बहुतेक गैरसमज गळून पडतात. त्यासाठी लागणारं गणित सरासरीचं आहे, सातवीतल्या मुलालाही जमेल असं.

आधी जुन्यांना विचारा

कंपनीला नवं भांडवल हवं असेल तर ती नवे शेअर काढते. ते परक्याला स्वस्तात विकले तर जुन्या भागधारकांचं नुकसान होतं, कारण त्यांच्या मालकीतला तुकडा दुसऱ्याला कमी दरात जातो. म्हणून आपल्या कंपनी कायद्याच्या कलम ६२ मध्ये मुख्य रीत अशी घालून दिली आहे की, नवे शेअर काढताना ते आधी जुन्या भागधारकांना त्यांच्या वाट्याच्या प्रमाणात देऊ करायचे. यालाच राइट्स इश्यू म्हणतात. मराठी वृत्तपत्रं त्याला ‘हक्कभाग विक्री’ म्हणतात आणि तो शब्द अगदी नेमका आहे.

रिलायन्सने ३० एप्रिल २०२० रोजी जाहीर केलेला इश्यू ५३,१२५ कोटी रुपयांचा होता. दर १५ शेअरांमागे एक नवा शेअर, किंमत १,२५७ रुपये. त्या दिवशी बाजारात शेअर १,४६७.०५ रुपयांना बंद झाला होता. म्हणजे नवा शेअर बाजारभावापेक्षा साधारण १४ टक्क्यांनी स्वस्त, आणि बातम्यांचे मथळेही ‘१४ टक्के सवलत’ असेच होते.

सवलत हा शब्द इथे फसवा आहे. दुकानदार सवलत देतो तेव्हा ती त्याच्या नफ्यातून जाते. कंपनी तर भागधारकांचीच आहे. मालकाने स्वतःला दिलेली सवलत कुणाच्या खिशातून जाणार? त्याच्याच. मग कंपनी बाजारभावापेक्षा कमी दर ठेवते तरी का? कारण घोषणा आणि अर्जाची शेवटची तारीख यांच्यामध्ये कित्येक आठवडे जातात. तेवढ्यात बाजारभाव इश्यूच्या दराखाली घसरला तर कुणीही अर्ज करणार नाही, कारण तोच शेअर बाजारात स्वस्त मिळत असेल. दर खाली ठेवला की या घसरणीसाठी जागा राहते.

मिसळलेल्या डाळीचा भाव

किराणा दुकानदाराकडे १६० रुपये किलोची १५ किलो तूरडाळ आहे. त्यात त्याने १२८ रुपये किलोने आणलेली एक किलो डाळ मिसळली. डाळ त्याच प्रतीची आहे, फक्त स्वस्तात मिळाली. आता त्या १६ किलोंचा सरासरी दर काय? जुन्या डाळीचे २,४०० आणि नव्या डाळीचे १२८, एकूण २,५२८. त्याला १६ने भागलं की १५८. मिसळण्याआधीचा दर १६० होता, मिसळल्यावर १५८ झाला.

राइट्स इश्यूनंतर शेअरचं हेच होतं. नवा शेअर आणि जुना शेअर यांत काही फरक राहत नाही. दोघांचा कंपनीवरचा हक्क सारखाच, म्हणून दोघांचा भावही एकच असला पाहिजे. तो भाव म्हणजे जुन्या शेअरांची बाजारातली किंमत आणि नव्या शेअरांपोटी आलेली रोकड यांची सरासरी. वित्तशास्त्रात याला ‘थिऑरेटिकल एक्स-राइट्स प्राइस’ म्हणतात आणि परीक्षेला बसणारी मुलं त्याची आद्याक्षरं घेऊन ‘टर्प’ म्हणतात. आपण त्याला ‘हक्क सुटल्यानंतरचा अपेक्षित भाव’ म्हणू.

रिलायन्सचे आकडे घेऊ. घोषणेच्या दिवशीचा भाव धरू आणि नव्या शेअरचे १,२५७ रुपये एकदमच भरायचे आहेत असंही तूर्त धरू.

१५ जुने शेअर × १,४६७.०५ = २२,००५.७५ रुपये
१ नवा शेअर × १,२५७ = १,२५७ रुपये
एकूण १६ शेअरांची किंमत = २३,२६२.७५ रुपये
एका शेअरची किंमत = २३,२६२.७५ ÷ १६ = १,४५३.९२ रुपये

म्हणजे दुसरं काहीच घडलं नाही तर हक्क सुटल्यावर १,४६७.०५ चा शेअर १,४५३.९२ वर यायला हवा. प्रत्येक जुना शेअर १३.१३ रुपयांनी उतरला.

आता हक्काची किंमत. ज्याच्या हाती हक्क आहे तो १,२५७ भरून १,४५३.९२ची वस्तू घेऊ शकतो. दोन्हींमधला फरक १९६.९२ रुपये. हीच एका हक्काची किंमत. हा हक्क १५ जुन्या शेअरांमागे एक मिळाला आहे, म्हणून १९६.९२ ला १५ने भागा: १३.१३. जुना शेअर जेवढा उतरला होता, बरोबर तेवढेच. शेअरातून गेलेले पैसे हक्कात सापडले.

इथे एक अडखळण्याची जागा आहे. ‘एका हक्काची किंमत’ हे शब्द पुस्तकात दोन अर्थांनी येतात. एक म्हणजे एका जुन्या शेअरला चिकटलेल्या हक्काची किंमत, आपल्या उदाहरणात १३.१३. दुसरी म्हणजे एक नवा शेअर घेता येईल अशा पूर्ण हक्काची किंमत, १९६.९२. पाठ्यपुस्तकातलं नेहमीचं सूत्र पहिल्या अर्थाचं आहे: बाजारभावातून इश्यूचा दर वजा करा आणि एका नव्या शेअरसाठी जितके जुने शेअर लागतात त्यांत एक मिळवून भागा. १,४६७.०५ वजा १,२५७ म्हणजे २१०.०५, भागिले १६, उत्तर १३.१३. आपल्या डीमॅट खात्यात मात्र दुसऱ्या अर्थाचा हक्क येतो. एक RE म्हणजे एका नव्या शेअरचा हक्क. बाजारात भाव दिसतो तो याचा. दोन्ही आकड्यांची गल्लत झाली तर रिलायन्सच्या बाबतीत उत्तर पंधरापटीने चुकतं.

चार भावंडांचा हिशेब

समजा वडिलांच्या माघारी चार भावंडांच्या वाट्याला रिलायन्सचे प्रत्येकी १५० शेअर आले. घोषणेच्या दिवशीच्या भावाने प्रत्येकाकडे २,२०,०५७.५० रुपयांचे शेअर आहेत. प्रत्येकाला १० हक्क मिळाले. चौघांनी चार वाटा धरल्या. बाजारात दुसरी काही उलथापालथ झाली नाही आणि दलाली, कर वगैरे बाजूला ठेवले असं धरू.

थोरल्या ताईने सगळे हक्क वापरले. १२,५७० रुपये भरून १० नवे शेअर घेतले. तिच्याकडे आता १६० शेअर आहेत, किंमत २,३२,६२७.५०. त्यातून भरलेले १२,५७० वजा केले की उरतात २,२०,०५७.५०. ना फायदा, ना तोटा. कंपनीतला तिचा वाटाही पूर्वीइतकाच राहिला.

दादाला पैसे अडकवायचे नव्हते. त्याने दहाही हक्क १९६.९२ने विकले आणि १,९६९.२२ रुपये मिळवले. त्याचे १५० शेअर आता २,१८,०८८.२८ रुपयांचे आहेत. दोन्ही मिळून २,२०,०५७.५०. पैशांत तोही जिथे होता तिथेच आहे, फक्त कंपनीतला त्याचा वाटा किंचित कमी झाला आणि त्या बदल्यात हाती रोकड आली.

मधल्या बहिणीकडे पैसे नव्हते, पण वाटा शक्य तितका टिकवायचा होता. तिने ९ हक्क विकले, त्याचे १,७७२.३० रुपये आले. त्यातले १,२५७ भरून तिने उरलेल्या एका हक्काचा शेअर घेतला. पदरचा एक रुपयाही न घालता तिच्याकडे १५१ शेअर झाले आणि वर ५१५.३० रुपये उरले. बेरीज करून पाहा, पुन्हा २,२०,०५७.५०. परदेशी बाजारांत या युक्तीला ‘शेपूट गिळणं’ अशा अर्थाचं नाव आहे.

धाकटा कामाच्या गडबडीत होता. ईमेल आला, त्याने पाहिला नाही. पैसे भरले नाहीत, हक्कही विकले नाहीत. मुदत संपली आणि दहा हक्क बाद झाले. त्याच्याकडे १५० शेअर आहेत, आधीसारखेच. संख्येत काही बदल नाही, म्हणून त्याला वाटतं की काहीच घडलं नाही. पण त्या शेअरांची किंमत आता २,१८,०८८.२८ आहे. त्याचे १,९६९.२२ रुपये गेले.

कुठे गेले? ज्यांनी आपल्या वाट्यापेक्षा जास्त शेअरांसाठी अर्ज केला होता त्यांच्याकडे. बाद झालेल्या हक्कांचे शेअर अशा अर्जदारांना त्याच १,२५७ दराने मिळतात आणि ते त्या हक्कांसाठी वेगळं काही मोजत नाहीत. रिलायन्सच्या इश्यूला दीडपटीहून जास्त मागणी आली होती, म्हणजे असे शेअर उचलायला बरेच लोक तयार होते. ब्रिटनमध्ये साधारण रीत अशी आहे की कुणी न उचललेले शेअर बाजारात विकतात आणि इश्यूच्या दरावर जे जास्तीचे पैसे मिळतील ते गप्प राहिलेल्या भागधारकाला पाठवतात. आपल्याकडे तशी सोय नाही. आपल्याकडे गप्प बसणं म्हणजे आपल्या ताटातलं शेजारच्या ताटात वाढणं.

म्हणून ‘मला आणखी शेअर नकोत’ हे उत्तर पुरेसं नाही. शेअर नको असतील तर हक्क विकायचा. घेणं आणि विकणं या दोन्ही वाटा सारख्याच चांगल्या, कोणती निवडायची हे कंपनीबद्दलच्या आपल्या मतावर आणि हातातल्या पैशांवर अवलंबून. तिसरी वाट तेवढी तोट्याची.

जेव्हा दर खूप खाली असतो

रिलायन्सच्या उदाहरणात धाकट्याचं नुकसान एक टक्क्याहूनही कमी होतं. पंधराला एकच शेअर आणि दरही फार खाली नव्हता. हे दोन्ही आकडे मोठे झाले की चित्र पार बदलतं. २०१९ मध्ये व्होडाफोन आयडियाने २५,००० कोटींचा राइट्स इश्यू आणला. दर ३८ शेअरांमागे ८७ नवे शेअर, किंमत फक्त १२.५० रुपये. गणितापुरता बाजारभाव ३० रुपये धरू.

३८ जुन्या शेअरांची किंमत १,१४० रुपये, ८७ नव्या शेअरांचे १,०८७.५० रुपये. एकूण २,२२७.५० आणि शेअर १२५. अपेक्षित भाव १७.८२ रुपये. म्हणजे ३० रुपयांचा शेअर कुठलीही वाईट बातमी नसताना, निव्वळ गणिताने, चाळीस टक्क्यांनी खाली यायला हवा. अशा सकाळी पडद्यावरचा भाव पाहून कुणाची छाती धडधडली तर नवल नाही. पण ज्याने हक्क वापरला किंवा विकला त्याचं यात काही गेलेलं नसतं. एका हक्काची किंमत १७.८२ वजा १२.५० म्हणजे ५.३२ रुपये, आणि ३८ शेअरांमागे असे ८७ हक्क म्हणजे सुमारे ४६३ रुपये. १,१४० मधून जे कमी झालं ते हेच. धाकट्यासारखा गप्प बसलेला भागधारक मात्र या उदाहरणात आपली चाळीस टक्के पुंजी घालवून बसला असता.

या उदाहरणातून आणखी एक गोष्ट दिसते. ३० रुपयांच्या तुलनेत १२.५० म्हणजे ५८ टक्के सवलत. पण ३० हा हक्क सुटण्याआधीचा भाव, तो नंतर राहणारच नाही. खरी तुलना १७.८२ शी करायची, आणि तिथे सवलत सुमारे ३० टक्केच उरते. जाहिरातीत आणि बातम्यांत पहिला आकडा येतो. वाचकाने दुसरा काढून पाहावा.

त्या काळी हक्क विकायचा तर कागदी अर्जाची विभागणी करून, तो भरून दुसऱ्याच्या हवाली करावा लागे. छोट्या भागधारकाला ते इतकं जिकिरीचं वाटे की बरेच जण हक्क सोडून देत. सेबीने जानेवारी २०२० मध्ये परिपत्रक काढून ही पद्धत बदलली. हक्क आता डीमॅट खात्यात जमा होतात आणि शेअरसारखेच शेअर बाजारात विकता येतात. रिलायन्सचा इश्यू हा या नव्या पद्धतीतला पहिला मोठा इश्यू.

हक्काचा भाव शेअरहून वेगाने हलतो

अपेक्षित भाव म्हणजे भाकीत नव्हे. ‘बाकी सगळं जसंच्या तसं राहिलं तर’ ही त्याची अट आहे आणि बाजारात ती अट क्वचितच पाळली जाते. रिलायन्सचंच पाहू. हक्कांची खरेदी-विक्री २० मे २०२० रोजी सुरू झाली. आदल्या दिवशी शेअर साधारण १,४०९ रुपयांना बंद झाला होता, आपल्या १,४५३.९२ च्या खाली. बाजार कोसळण्याच्या भीतीचे ते दिवस होते. शेअर बाजाराने हक्काचा सुरुवातीचा आधारभाव ठरवला १५१.९० रुपये. आदल्या दिवशीच्या भावातून १,२५७ वजा, इतकाच त्याचा अर्थ.

आता दोन घसरणी शेजारी शेजारी ठेवा. शेअर १,४५३.९२ वरून १,४०९ वर आला, म्हणजे साधारण ४५ रुपये, तीन टक्के. हक्क १९६.९२ वरून १५१.९० वर आला. तेही ४५ रुपयेच, पण टक्क्यांत सुमारे २३. शेअरचा चढ-उतार रुपयाला रुपया हक्कात उतरतो, पण हक्क लहान असल्यामुळे टक्केवारी कित्येक पटींनी मोठी दिसते. म्हणून बाजारातून हक्क विकत घेणारा माणूस, त्याला कळो न कळो, मूळ शेअरपेक्षा कितीतरी धोक्याची वस्तू घेत असतो. आणि शेअरचा भाव इश्यूच्या दराखाली गेला तर हक्काला काही अर्थ उरत नाही. मात्र त्याहून वाईट काही होत नाही, कारण हक्क वापरण्याची सक्ती नसते. किंमत शून्यापर्यंत येते, उणे होत नाही.

पण २० मे रोजी उलटंच घडलं. हक्काचा भाव १५१.९० वरून जवळजवळ ४० टक्के चढून २१२ च्या आसपास बंद झाला. मूळ शेअर त्या दिवशी साठ रुपयांनी चढलेला नव्हता. मग लोक हक्कासाठी जास्त पैसे का मोजत होते?

उत्तर पैसे भरण्याच्या पद्धतीत आहे. आपण आतापर्यंत धरलं होतं की १,२५७ एकदम भरायचे. प्रत्यक्षात रिलायन्सने तीन हप्ते दिले होते: अर्जाबरोबर ३१४.२५ रुपये, मे २०२१ मध्ये पुन्हा ३१४.२५ आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ६२८.५०. म्हणजे तीनचतुर्थांश रक्कम वर्षानंतर आणि दीड वर्षानंतर, बिनव्याजी. वर्षाने द्यायचे ३१४.२५ रुपये आज सहा टक्के व्याजाने ठेवायचे तर सुमारे २९६.५० रुपये बाजूला काढले की पुरे. दीड वर्षाने द्यायच्या ६२८.५० साठी सुमारे ५७६. दोन्हींत मिळून साधारण ७० रुपये वाचतात. तेव्हा नव्या शेअरचा आजच्या पैशांतला दर १,२५७ नसून १,१८७ च्या आसपास होता आणि हक्काची किंमत तितकीच वाढली. आधारभाव ठरवताना ही गोष्ट धरलेली नव्हती. बाजाराने ती पहिल्याच दिवशी मोजायला घेतली.

पूर्ण ७० रुपये मात्र भावात दिसले नाहीत, आणि त्यालाही कारणं आहेत. अर्धवट पैसे भरलेल्या शेअरला लाभांश भरलेल्या प्रमाणातच मिळतो. पुढचा हप्ता चुकला तर शेअर जप्त होण्याची टांगती तलवार असते. शिवाय त्या बिकट दिवसांत हप्ते असोत वा नसोत, हातची रोकड काढायला लोक बिचकत होते.

तारखा आणि चुका

हक्क कुणाला मिळणार हे रेकॉर्ड डेटवर ठरतं. त्या दिवशी ज्याच्या खात्यात शेअर असतील त्याला. रिलायन्सची ती तारीख होती १४ मे २०२०. आज शेअरची खरेदी दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पूर्ण होते, म्हणून रेकॉर्ड डेटच्या आदल्या कामकाजाच्या दिवसापर्यंत खरेदी करावी लागते. रेकॉर्ड डेटच्या दिवशी घेतलेला शेअर हक्काविना येतो, पण तो उतरलेल्या भावाने मिळतो, त्यामुळे त्यात फसवणूक नसते. बरेच लोक हक्क मिळावा म्हणून आदल्या दिवशी घाईघाईने शेअर घेतात. गणित सांगतं की त्यात कमाई नाही. आदल्या दिवशीच्या जास्त भावात हक्काची किंमत आधीच भरलेली असते.

पुढच्या दोन तारखा जास्त महत्त्वाच्या. हक्क विकण्याची शेवटची तारीख आणि अर्ज करण्याची शेवटची तारीख एक नसते. रिलायन्सचे हक्क २९ मेपर्यंत विकता येत होते, अर्ज ३ जूनपर्यंत करता येत होता. २९ मेनंतर बाजारात विकण्याची वाट बंद झाली. त्यानंतर जाग आलेल्या भागधारकाकडे अर्ज करणं हाच मुख्य मार्ग उरला, पैसे असोत वा नसोत.

सर्वांत महागात पडणारी चूक वेगळीच आहे. काही जण बाजारात ओळखीच्या कंपनीचं नाव स्वस्तात दिसतं म्हणून RE विकत घेतात आणि शेअर घेतला असं समजून शांत राहतात. RE विकत घेणं ही अर्धी खरेदी आहे. त्यानंतर बँकेतून अर्ज करून इश्यूचे पैसे भरले तरच शेअर मिळतो. अर्ज केला नाही तर मुदत संपल्यावर ती ओळ खात्यातून नाहीशी होते आणि तिच्यासाठी मोजलेले सगळे पैसे बुडतात. नावाच्या शेवटी RE दिसलं की थांबून वाचायचं.

RE घेण्याचा विचार असेल तर एक साधी बेरीज करा. RE चा भाव अधिक इश्यूचा दर. ही बेरीज बाजारातल्या शेअरच्या भावापेक्षा जास्त येत असेल आणि पैसे एकरकमी भरायचे असतील तर सरळ शेअरच घ्यावा. हप्ते असतील तर उशिरा भरायच्या रकमेवर वाचणारं व्याज त्या बेरजेतून वजा करून मग तुलना करावी.

अपूर्णांकाकडेही लक्ष हवं. पंधराला एक या प्रमाणात २० शेअरवाल्याला एकच हक्क मिळतो, वरच्या पाच शेअरांचा भाग सोडून दिला जातो. पंधरापेक्षा कमी शेअर असलेल्यांना रिलायन्सच्या इश्यूत हक्क मिळाला नाही, पण त्यांनी जादा शेअरसाठी अर्ज केला तर एक शेअर देताना त्यांना प्राधान्य होतं. ही सोय माहितीपत्रकात लिहिलेली असते, खात्यातल्या आकड्यात दिसत नाही. आणि हक्क विकून आलेले पैसे प्राप्तिकराच्या हिशेबात धरताना त्या हक्काची खरेदी किंमत शून्य मानली जाते. म्हणजे दादाचे १,९६९ रुपये सगळेच्या सगळे भांडवली नफा म्हणून दाखवावे लागतात.

आपला निर्णय

या साऱ्या गणितात कंपनी त्या पैशांचं काय करणार हा प्रश्न कुठेच आला नाही. तो मुद्दाम वेगळा ठेवायचा असतो. अपेक्षित भावाचं सूत्र असं धरून चालतं की कंपनीकडे आलेला प्रत्येक रुपया एका रुपयाइतकाच मोलाचा आहे. कंपनी तो रुपया चांगल्या कामी लावणार असेल तर शेअर अपेक्षित भावाच्या वर जाईल, जुनी भोकं बुजवण्यात तो जिरणार असेल तर खाली राहील. रिलायन्सने कर्ज कमी करण्याचं लक्ष्य आधीच जाहीर केलं होतं आणि जिओमध्ये परदेशी कंपन्यांचे पैसे येऊ लागले होते. १९ जून २०२० रोजी कंपनीने आपण निव्वळ कर्जमुक्त झाल्याचं जाहीर केलं आणि शेअर त्यानंतर चढत गेला. हे सूत्रातून कुणाला कळलं नसतं. त्यासाठी ताळेबंद आणि माहितीपत्रक वाचावं लागतं.

सूत्र सांगतं ते इतकंच की निर्णय घेण्याआधी आपल्या हातात नेमकं काय आहे. हक्क सुटल्यावर शेअरचा भाव किती उतरणं स्वाभाविक आहे आणि ते उतरलेले पैसे खात्यातल्या कोणत्या ओळीत जमा झाले आहेत. मग कंपनीवर विश्वास असेल तर ताईसारखे पैसे भरावेत, नसेल तर दादासारखा हक्क विकून मोकळं व्हावं. धाकट्याच्या खात्यातही तीच ओळ होती, तितक्याच किमतीची. त्याने ती विक्रीच्या शेवटच्या तारखेआधी एकदा उघडून पाहिली असती, तरी १,९६९ रुपये त्याच्याकडेच राहिले असते.